‘दिवाळीपर्यंत’ म्हणजे नेमके कधीपर्यंत?

‘योजना दिवाळीपर्यंत’ हे दोन शब्द पत्रकावर छापायला सोपे असतात. २०२५ च्या दिवाळीत त्यांचा अर्थ काय झाला असता, ते पाहू. त्या वर्षी वसुबारस १७ ऑक्टोबरला होती. धनत्रयोदशी १८ ला, नरक चतुर्दशी २० ला, लक्ष्मीपूजन २१ ला, पाडवा २२ ला आणि भाऊबीज २३ ला. उत्तर भारतात बहुतेक ठिकाणी दिवाळी २० तारखेलाच साजरी झाली. कोकणातल्या घराला विचारले, तर तुळशीचे लग्न लागेपर्यंत दिवाळी संपत नाही.

आता समजा, एखादे कुटुंब पाड्व्याचा मुहूर्त साधून २२ तारखेला फ्रिज घ्यायला गेले. पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, तेव्हा घरात मोठी वस्तू आणायची तर त्या दिवशी, हा हिशोब महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दुकानदार सांगतो की योजना काल लक्ष्मीपूजनाला संपली. कुटुंब म्हणते, दिवाळी तर अजून चालू आहे. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत आहेत, आणि पत्रकाने दोघांपैकी कोणालाच आधार दिलेला नाही. वाद गल्ल्यापाशी सुरू झाला असला, तरी त्याची सुरुवात छापखान्यात झाली होती.

सणाच्या योजनांमधल्या बहुतेक तक्रारी दोन गोष्टींभोवती फिरतात. सवलत कशावर नाही, हे नीट सांगितलेले नसते आणि ती कधी संपते, हे नीट सांगितलेले नसते. या दोन्ही गोष्टी पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत ढकलल्या जातात. त्या तिथे का जातात, हे समजून घ्यायचे तर सवलतीचे पैसे कोणाच्या खिशातून येतात, तिथून सुरुवात करावी लागते.

घरगुती उपकरणांच्या दुकानात लागणारी सवलत बहुधा एकट्या दुकानदाराची नसते. एक वाटा कंपनीचा असतो. कंपनी डीलरला स्कीम कळवते: अमुक मॉडेल अमुक तारखांच्या दरम्यान विकले, तर प्रत्येक नगामागे इतके रुपये मिळतील. दुकानदार ग्राहकाला सूट आधी देतो, मग बिल आणि वस्तूचा अनुक्रमांक कंपनीला दाखवतो आणि कंपनी नंतर त्याच्या नावे क्रेडिट नोट काढते. बिलावरची तारीख एका दिवसाने पुढे गेली, तर ती रक्कम दुकानदाराला स्वतःच्या नफ्यातून सोसावी लागते. दुसरा वाटा बँकेचा असतो. बँकेने ठरावीक रक्कम बाजूला काढलेली असते, म्हणून ती प्रत्येक कार्डामागे कमाल मर्यादा घालते आणि पुष्कळदा ही सवलत फक्त शनिवार-रविवारपुरती ठेवते. तिसरा वाटा दुकानाचा स्वतःचा, म्हणजे भेटवस्तू, मोफत घरपोच सेवा, सोडतीचे कूपन.

म्हणजे ‘दिवाळी धमाका’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या योजना असतात आणि त्यांच्या शेवटच्या तारखाही तीन असू शकतात. कंपनीची स्कीम महिनाअखेरीस संपणार, बँकेची रविवारी रात्री, दुकानाची भाऊबीजेला. पत्रक लिहिणाऱ्याला हे सगळे एका ओळीत बसवायचे असते. त्याला सर्वांत सोपी वाट दिसते ती अशी: वर एक फुलीसारखी चांदणी आणि खाली ‘अटी लागू’.

दुकानदाराची यात लबाडीच असते असे नाही. अटी खऱ्या असतात आणि त्यामागे कारणही असते. दोष आहे तो त्या लपवण्यात. अट वाचून ग्राहकाचा निर्णय बदलणार असेल, तर ती अट सवलतीचाच भाग आहे आणि तिची जागा सवलतीच्या आकड्याशेजारी आहे. या एका कसोटीवर पत्रकातले प्रत्येक वाक्य तपासता येते.

असे झाले नाही तर काय होते, याचा अलीकडचा आणि फार बोलका दाखला सणाच्या बाजाराबाहेरचा आहे. रॅपिडो या वाहनसेवेने ‘पाच मिनिटांत ऑटो, नाहीतर ५० रुपये मिळवा’ अशी जाहिरात केली होती. ती सव्वाशेच्या आसपास शहरांत, अनेक प्रादेशिक भाषांत, दीड वर्षाच्या आसपास चालली. वाचणाऱ्याला वाटणार की ऑटोला उशीर झाला, तर ५० रुपये खात्यात पडतील. बारीक अक्षरांतला करार वेगळा होता. मिळणार होते ते ‘५० रुपयांपर्यंत’, म्हणजे त्याहून कमीही. ते रोख नव्हते, तर रॅपिडोची नाणी होती. ती नाणी फक्त दुचाकीच्या फेरीसाठी चालत आणि सात दिवसांत वापरली नाहीत, तर बाद होत. ज्याला ऑटो हवी होती, त्याला आठवड्याभरात दुचाकीवर बसल्याशिवाय त्या पैशांचा उपयोग नव्हता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीला दहा लाख रुपयांचा दंड केला, जाहिरात थांबवायला सांगितले आणि ज्या ग्राहकांना ५० रुपये मिळाले नव्हते त्यांना ते देण्याचा आदेश दिला.

या प्रकरणातली प्रत्येक अट सुटी घेऊन पाहिली, तर ती बेकायदा नाही. नाणी द्यायला, मुदत घालायला, कमाल मर्यादा ठेवायला कोणी अडवत नाही. पण चारही अटी एकत्र लावल्या, की मोठ्या अक्षरांतले वाक्यच खरे उरत नाही. ‘ऑटो पाच मिनिटांत आली नाही, तर दुचाकीच्या पुढच्या फेरीत ५० रुपयांपर्यंत सूट, सात दिवसांच्या आत’ असे लिहिले असते, तर जाहिरात फिकी झाली असती, पण फसवी ठरली नसती.

कायदा याबाबत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. ती उत्पादकांप्रमाणेच माल विकणाऱ्या व्यापाऱ्यालाही लागू आहेत आणि जाहिरात कोणत्याही माध्यमातली असली तरी चालते, म्हणजे वर्तमानपत्रात घालून वाटलेले पत्रकही त्यात येते. तळटीप मूळ दाव्याला छेद देणारी नसावी, महत्त्वाची माहिती तिने लपवू नये आणि दावाच दिशाभूल करणारा असेल तर तळटीप जोडून तो दुरुस्त झाला असे मानले जाणार नाही, असे त्यात म्हटले आहे. साधारण दृष्टी असलेल्या माणसाला ती योग्य अंतरावरून, नेहमीच्या वेगाने, एकदा वाचून कळली पाहिजे. प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत आणि पुढच्या वेळी पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते.

याच तत्त्वांमधली एक अट महाराष्ट्रातल्या दुकानदारांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. दावा ज्या भाषेत, तळटीपही त्याच भाषेत हवी. आपल्याकडची पत्रके पाहिली, तर वर ‘महाबचत महोत्सव’ मराठीत झळकतो आणि अटी मात्र खाली इंग्रजीत असतात, कारण त्या कंपनीच्या किंवा बँकेच्या ईमेलमधून जशाच्या तशा उचललेल्या असतात. मोठ्या अक्षरांत ग्राहकाच्या भाषेत बोलवायचे आणि नकार मात्र परक्या भाषेत द्यायचा, ही पद्धत नियमालाही धरून नाही आणि माणुसकीलाही. अक्षरांच्या आकाराचाही प्रश्न देवनागरीत जास्त नाजूक आहे. वेलांटी, रफार, अनुस्वार रेघेच्या वर आणि उकार खाली जातो, त्यामुळे इंग्रजीत कसेबसे वाचता येईल अशा आकारात मराठी मजकूर छापला, तर स्वस्त कागदावर शाई पसरून तो भरून जातो. शिवकाशीच्या फटाक्यांच्या चित्रावर पिवळ्या अक्षरांत छापलेली अट तर कोणालाच दिसत नाही.

हे सगळे प्रत्यक्ष कागदावर कसे दिसते, त्यासाठी एक पत्रक घेऊ. दुकान काल्पनिक आहे, पण त्यातली वाक्ये अशीच असतात.

वर मोठ्या अक्षरांत: ‘सर्व टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीनवर ४० टक्क्यांपर्यंत सूट! वर १० टक्के कॅशबॅक! हमखास भेटवस्तू! योजना दिवाळीपर्यंत, साठा असेपर्यंत.’ तळाशी बारीक अक्षरांत: ‘सूट निवडक मॉडेलवर. कॅशबॅक निवडक कार्डांवर. इतर कोणत्याही योजनेसोबत लागू नाही. योजनेत पूर्वसूचनेशिवाय बदल करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे. अटी लागू.’

एक शिक्षिका हे पत्रक वाचून ३६,००० रुपयांचा टीव्ही घ्यायला येतात. ही किंमत सूट वजा करून लावलेली आहे. त्यांच्या मनातला हिशोब असा की दहा टक्के म्हणजे ३,६०० रुपये परत येणार, तर टीव्ही ३२,४०० ला पडेल. दुकानात कळते की कॅशबॅक एकाच बँकेच्या क्रेडिट कार्डावर आहे आणि तोही सहा महिन्यांचे हप्ते घेतले तरच. बिल किमान ३०,००० रुपयांचे हवे, ते आहे. पण कमाल मर्यादा २,००० रुपये. शिवाय हप्त्यांसाठी बँक १९९ रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेते, म्हणजे २३५ रुपयांच्या आसपास. हप्त्यांवर व्याज नाही असे धरले, तरी हातात पडणारा फायदा १,७६५ रुपये. दहा टक्क्यांचा आकडा पाच टक्क्यांच्याही खाली आला, आणि ती रक्कमही नव्वद दिवसांनी कार्डावर जमा होणार. टीव्ही ८०,००० चा असता, तर त्याच २,००० रुपयांमुळे ‘१० टक्के’ म्हणजे प्रत्यक्षात अडीच टक्के झाले असते. वस्तू जितकी महाग, तितका मोठ्या अक्षरांतला आकडा खोटा ठरत जातो.

आता ‘निवडक मॉडेल’. या शब्दांनी ग्राहकाला काहीच कळत नाही, कारण निवड कोणी आणि कशी केली हे त्यात नसते. वगळलेल्या वस्तूंबाबत एक सोपा मार्ग उपयोगी पडतो. सवलत मिळणाऱ्या वस्तू जास्त असतील, तर वगळलेल्यांची नावे घ्यावीत. सवलत मिळणाऱ्या थोड्या असतील, तर ‘सर्व’ हा शब्दच काढून टाकावा आणि ‘फक्त यांच्यावर’ असे लिहावे. या दुकानात समजा टीव्हींपैकी ४३ इंची आणि त्याहून मोठ्यांवरच सूट आहे. मग ‘सर्व टीव्ही’ असे लिहून खाली ‘३२ इंची वगळून’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण लहान घरात ३२ इंचीच घेतला जातो आणि नेमका तोच ग्राहक फुकट फेरी मारून परत जातो. ४० टक्के सूट गेल्या वर्षीच्या दोनच मॉडेलवर असेल आणि बाकीच्यांवर १५, तर ‘१५ ते ४० टक्के’ असे दोन्ही टोकांचे आकडे द्यावेत. फक्त वरचे टोक दाखवले, की वाचणारा आपली वस्तू त्या टोकाला आहे असे धरून चालतो. असे धरणे स्वाभाविक आहे, त्यात त्याची चूक नाही.

दोन सवलती एकमेकींवर कशा बसतात, हेही लिहावे लागते. कपड्यांच्या दुकानात ‘५० + २० टक्के सूट’ अशी पाटी असते. हजाराच्या शर्टावर पहिली सूट लागली की ५०० उरतात आणि दुसरी सूट त्या ५०० वर लागते, म्हणून ग्राहक ४०० रुपये देतो. सूट ६० टक्के झाली, ७० नव्हे. पाटीवरची बेरीज डोक्यात करणाऱ्याला ही शंभर रुपयांची तफावत बिल फाडल्यावर कळते. ‘एक हजाराचा शर्ट ४०० ला’ एवढे जरी पाटीखाली लिहिले, तरी अटीची गरजच राहत नाही. कमाल मर्यादा, किमान खरेदी, लागोपाठच्या सवलती अशा गोष्टी वाक्यात समजावण्यापेक्षा एका उदाहरणाच्या बिलातून जास्त पटकन कळतात. पत्रकावर चार ओळींचे नमुना बिल छापायला फार जागा लागत नाही.

सवलतीनंतर कर लावण्याचा वादही याच जातीचा. वस्तूवरच्या कमाल किरकोळ किमतीत सगळे कर धरलेले असतात. तरीही ‘सरसकट ४० टक्के सूट’ जाहीर करून सवलतीच्या किमतीवर वेगळा व्हॅट घेण्याची पद्धत पूर्वी अनेक तयार कपड्यांच्या दुकानांत होती आणि ‘कर वेगळा’ हे शब्द कुठेतरी बारीक छापलेले असत. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये, वूडलँड या नावाने माल विकणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात, ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे ठरवले. करासह छापलेल्या किमतीवर ४० टक्के सूट आहे असे सांगितले, की ग्राहकाने ६० टक्के देऊन मोकळे व्हायचे, असा साधा अर्थ आयोगाने धरला.

सराफी पेढीत गोष्ट जरा वेगळी असते, कारण तिथे सूट सहसा सोन्यावर नसतेच. ‘५० टक्के सूट’ मोठ्या अक्षरांत आणि ‘घडणावळीवर’ त्याच्या वर लहान अक्षरांत, अशी मांडणी सगळ्यांनी पाहिलेली आहे. हिशोब सोपा जावा म्हणून सोन्याचा दर ग्रॅमला ९,००० रुपये धरू. दहा ग्रॅमच्या दागिन्यात सोने ९०,००० चे आणि १२ टक्के घडणावळ १०,८०० ची. घडणावळ निम्मी झाली, तर ५,४०० रुपये वाचले, म्हणजे करापूर्वीच्या बिलातून साधारण साडेपाच टक्के. ही बचत चांगलीच आहे आणि ती आहे तशी सांगितली, तरी लोक येतील. वळी, नाणी आणि चोख सोने या योजनेत नसते, कारण त्यांची घडणावळ मुळातच नाममात्र असते. जुने सोने मोडीत देऊन नवे घेताना सूट संपूर्ण घडणावळीवर की फक्त वाढीव वजनावर, हे तर पत्रकात जवळजवळ कधीच नसते, आणि दसरा-पाडव्याला येणाऱ्या कितीतरी गिऱ्हाइकांच्या हातात जुनी पाटली असते.

पुन्हा तारखेकडे येऊ, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथेच आहे.

तारीख लिहिताना सणाचे नाव आणि इंग्रजी तारीख दोन्ही हवेत. नुसती तिथी पंचांगागणिक हलते. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन महाराष्ट्रात १ नोव्हेंबरला झाले, तर देशाच्या अनेक भागांत ३१ ऑक्टोबरलाच दिवाळी झाली होती. मुंबई-पुण्यात छापलेल्या पत्रकात दिल्लीहून आलेली ‘दिवाळी’ असेल, तर ती एक दिवस आधी संपते. तारखेपुढे वेळ लिहायची, तर ‘२३ तारखेच्या रात्री १२ पर्यंत’ हे टाळावे. ती मध्यरात्र २३ सुरू होतानाची की संपतानाची, हे दोन माणसे दोन तऱ्हांनी वाचतात. ‘रात्री ११.५९’ किंवा दुकानासाठी ‘रात्री ९, दुकान बंद होईपर्यंत’ यात शंका उरत नाही. ऑनलाइन योजनेत ‘भारतीय वेळेनुसार’ हे दोन शब्द लागतात. न्यू जर्सीत बसून साताऱ्यातल्या आईवडिलांसाठी मिक्सर मागवणाऱ्या मुलीच्या घड्याळात ऑक्टोबर महिन्यात आपली मध्यरात्र दुपारी अडीचला होते. ती संध्याकाळी ऑफिसमधून घरी येईपर्यंत योजना संपलेली असते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्या वेळेपर्यंत नेमके काय पूर्ण व्हायला हवे? वस्तू पसंत करून बयाणा दिला म्हणजे पुरे, की पूर्ण बिल व्हायला हवे, की वस्तू घरी पोहोचायला हवी? वर पाहिल्याप्रमाणे कंपनी पाहते ती बिलाची तारीख. बँक पाहते ते कार्डाचा व्यवहार कोणत्या दिवशी झाला ते. ग्राहकाच्या मनात मात्र ‘बुकिंग केले’ हीच खरेदी असते, विशेषतः मुहूर्तावर पाचशे-हजार रुपये देऊन वस्तू ‘धरून ठेवण्याची’ रीत आहे तिथे. पाडव्याला बयाणा दिला, बिल २५ तारखेला झाले आणि सूट गेली, अशी भांडणे या एका न लिहिलेल्या वाक्यामुळे होतात. ‘२३ ऑक्टोबर रात्री ९ पर्यंत पूर्ण बिल झाले पाहिजे. नुसत्या बयाण्यावर सूट मिळणार नाही. वस्तू नंतर घरी आली तरी चालेल.’ एवढी तीन वाक्ये पुरतात.

‘साठा असेपर्यंत’ हेही एक प्रकारे मुदतच सांगते, फक्त ती मोजता येत नाही. २०२२ च्या तत्त्वांनुसार स्वस्त किमतीचे आमिष दाखवून बोलावले आणि त्या किमतीत पुरेसा माल देण्याची शक्यताच नव्हती, तर ती आमिषाची जाहिरात ठरते. माल कमी पडणार याचा अंदाज असेल, तर तसे स्पष्ट सांगावे लागते. दुकानदाराला आपल्याकडे किती नग आहेत, हे माहीत असतेच. ‘या किमतीत १२ नग, प्रत्येक ग्राहकाला एक’ असे छापले, की तेरावा माणूस चिडत नाही. जो लांबच्या गावाहून एसटीने येणार आहे, तो निघण्याआधी फोन करतो.

मुदतवाढीचा प्रश्न नाजूक आहे. ‘ग्राहकांच्या आग्रहास्तव योजनेला मुदतवाढ’ ही ओळ मराठी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे दिसते. ‘शेवटचे दोन दिवस’ वाचून ज्याने उसनवारी करून २२ तारखेला वस्तू घेतली, त्याला ३० तारखेला तीच वस्तू त्याच किमतीत दिसली, तर आपल्याला घाई करायला लावले असे वाटणारच. ऑनलाइन बाजारात घाईचा असा खोटा देखावा ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा प्रथांमध्ये धरला आहे. ब्रिटनमधल्या जाहिरातींच्या संहितेत योजनेची शेवटची तारीख टाळता न येणाऱ्या कारणाशिवाय बदलू नये, आणि बदलली तरी आधी भाग घेतलेल्यांवर अन्याय होऊ नये, असा दंडक आहे. आपल्याकडच्या दुकानदाराला माल उरला म्हणून सूट पुढे चालू ठेवायची असेल, तर नव्या तारखांची नवी योजना जाहीर करणे प्रामाणिक ठरते आणि ‘शेवटचे दोन दिवस’ हे शब्द तेव्हाच वापरावेत, जेव्हा तिसऱ्या दिवशी किंमत खरोखर वाढणार आहे.

आता ते पत्रक पुन्हा लिहून पाहू.

‘४३ इंची आणि मोठ्या टीव्हींवर छापील किमतीच्या १५ ते ४० टक्के सूट. फ्रिज आणि वॉशिंग मशीनवर १० ते २० टक्के. ३२ इंची टीव्ही, एसी आणि मोबाइल या योजनेत नाहीत. योजना १७ ऑक्टोबर २०२५ (वसुबारस) सकाळी १० पासून २३ ऑक्टोबर २०२५ (भाऊबीज) रात्री ९ पर्यंत. तोपर्यंत पूर्ण बिल व्हायला हवे, घरपोच नंतर झाली तरी चालेल. याशिवाय अमुक बँकेच्या क्रेडिट कार्डावर सहा महिन्यांचे हप्ते घेतल्यास १० टक्के, पण जास्तीत जास्त २,००० रुपये, कॅशबॅक. बिल किमान ३०,००० रुपयांचे हवे. ही सवलत फक्त १८ आणि १९ ऑक्टोबरला. रक्कम ९० दिवसांत कार्डावर जमा होईल, बँकेचे प्रक्रिया शुल्क वेगळे. रोख, यूपीआय आणि डेबिट कार्डावर कॅशबॅक नाही, पण वरची सूट आहे.’

मजकूर वाढला, हे खरे. पण तळाची बारीक पट्टी पूर्ण गेली आणि चांदणीची गरज उरली नाही. बँकेची सवलत स्वतःच्या तारखांसह वेगळी झाली, त्यामुळे पाड्व्याला येणाऱ्याला घरीच कळते की आपल्याला सूट मिळेल, कॅशबॅक नाही. शेवटचे वाक्य मुद्दाम नीट वाचावे असे आहे. नकार सांगतानाच काय मिळेल, हेही त्यात सांगितले आहे. ‘इतर कोणत्याही योजनेसोबत लागू नाही’ या छापील वाक्याने जे कधीच कळत नाही, ते त्यातून कळते. ‘पूर्वसूचनेशिवाय बदल करण्याचा अधिकार’ हे वाक्य काढून टाकले आहे. एकदा तारीख आणि आकडा जाहीर केल्यावर मध्येच तो फिरवण्याचा हक्क एका ओळीने आपल्याकडे घेणे ग्राहकाला न्याय्य नाही, आणि तक्रार झालीच तर त्या ओळीच्या भरवशावर दुकानदाराने राहू नये.

‘हमखास भेटवस्तू’ कुठे गेली? ती काय आहे, हे दुकानदाराला सांगता आले, तर ती परत येईल: ‘२०,००० रुपयांवरच्या प्रत्येक बिलावर स्टीलचा डबा.’ तिच्यासाठी पॅकिंग किंवा हाताळणीचे पैसे लावायचे असतील, तर तिला मोफत म्हणता येत नाही. सोडत ठेवली, तर आणखी एक जबाबदारी येते. योजना संपल्यावर सोडतीचा निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणे ही ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित प्रथा ठरवली आहे. ज्या वर्तमानपत्रात योजना छापली, त्यातच तो वाजवी वेळेत ठळकपणे प्रसिद्ध केला, तर निकाल कळवला असे कायदा मानतो. म्हणून सोडतीची तारीख आणि निकाल कुठे लागणार, हे पहिल्याच पत्रकात हवे. कूपनाचा अर्धा भाग पेटीत टाकून गेलेल्या माणसाला पुढे काय झाले, हे कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.

एका अटीबाबत दुकानदारांचा प्रामाणिक गैरसमज असतो. ‘सेलमधला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापले, की विषय संपला, असे त्यांना वाटते. रंग आवडला नाही, माप चुकले, यासाठी परत न घेण्याची अट दुकान घालू शकते, फक्त ती विकण्याआधी दिसली पाहिजे. सदोष मालाची गोष्ट निराळी. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांच्या आत, सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणे ही कायद्याने अनुचित प्रथा आहे. म्हणून अट लिहावी ती अशी: ‘सवलतीतील कपडे आवड किंवा मापासाठी बदलून मिळणार नाहीत. दोष असल्यास बिल घेऊन ३० दिवसांत यावे.’

ग्राहकाच्या बाजूनेही थोडी तयारी लागते. पत्रकाचा किंवा फलकाचा फोटो खरेदीच्या दिवशीच काढून ठेवावा, कारण योजना संपली की फलक उतरतो. तोंडी मिळालेले आश्वासन, मग ते भेटवस्तूचे असो वा कॅशबॅकचे, बिलावर लिहून मागावे. लिहायला दुकान तयार नसेल, तर ते आश्वासन नाही असे समजून किंमत ठरवावी. पाड्व्याच्या आधीच्या शनिवारी, १८ ऑक्टोबर २०२५ ला, कार्डाने व्यवहार केलेल्या शिक्षिकेचे नव्वद दिवस १६ जानेवारी २०२६ ला भरतात, आणि तोपर्यंत बिल कुठे ठेवले हे बहुतेकांच्या लक्षातून गेलेले असते. ती तारीख त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवली, तर बरे. रक्कम आली नाही, तर बिल आणि फोटो घेऊन आधी दुकान आणि बँक यांना लेखी कळवावे. दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तिथे तक्रार दाखल करायला शुल्क पडत नाही.